शिक्षकी सोडून कारखान्यातील प्रशिक्षणाकडे: मुलाखतीनंतरच्या मेलमध्ये काय लिहावे?

प्रश्न: बारा वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. काल वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्रशिक्षण समन्वयकाच्या जागेसाठी मुलाखत झाली. उत्पादन विभागप्रमुखांनी विचारले, ‘वीस वर्षे मशीनवर काढलेला माणूस तुमचे का ऐकेल?’ मी गडबडलो. निवडणुकीत मतदान कर्मचाऱ्यांना यंत्रे हाताळायला शिकवली होती, ते सांगायचेच राहिले. आभाराच्या मेलमध्ये सगळा अनुभव पुन्हा मांडू का?

उत्तर: सगळा मांडू नका. तुमचा बायोडेटा त्यांच्यासमोर होताच, आणि तो वाचूनही विभागप्रमुखांच्या मनात एक शंका उरली. मेल त्या एकाच शंकेसाठी लिहावा. दहावीचे निकाल, विज्ञान प्रदर्शने, सेवेची वर्षे यांतले काहीही त्या शंकेला उत्तर देत नाही. ‘उत्तम संवादकौशल्य’ असे लिहिणे तर टाळाच, कारण ते प्रत्येक उमेदवार लिहितो.

निवडणुकीचा अनुभव मात्र नेमका उपयोगी आहे. तिथे शिकणारे प्रौढ होते, वेगवेगळ्या खात्यांतले होते, काही तुमच्याहून ज्येष्ठही असतील, आणि शिकायचे होते ते यंत्र. अभिरूप मतदानात किमान 50 मते टाकून मोजणी करायची आणि खरे मतदान सुरू होण्यापूर्वी ती मते यंत्रातून पुसायची, ही पायरी सुटली तर केवढा गोंधळ होतो हे तुम्हाला ठाऊक आहे. कारखान्यातल्या माणसालाही ते लगेच कळेल, कारण क्रमातली एक पायरी गाळल्याने माल वाया जाणे त्याने पाहिलेले असते.

मजकूर साधारण असा ठेवता येईल:

> महोदय, कालच्या चर्चेबद्दल आभारी आहे. अनुभवी कामगार नवख्या प्रशिक्षकाचे का ऐकतील, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर अपुरे राहिले. निवडणूक प्रशिक्षणात आधी मतदान केंद्रांवर काम केलेले कर्मचारी माझ्यासमोर असत. त्यांना क्रम तोंडपाठ असे, परंतु प्रत्यक्ष करताना चाचणीची मते पुसण्याची पायरी सुटत असे. म्हणून मी बोलणे आटोपते घेऊन प्रत्येकाकडून यंत्रावर पूर्ण क्रम करून घेतला, आणि जुन्या केंद्राध्यक्षांना त्यांच्या अडचणी सांगायला लावल्या. आपल्याकडेही मी सुरुवात ज्येष्ठ ऑपरेटरकडून काम समजून घेऊनच करीन.

यातला प्रसंग तुमच्या बाबतीत जसा घडला तसाच लिहा. पुढच्या फेरीत त्यावरच खोदून विचारले जाईल. शेवटचे वाक्य गाळू नका, कारण निवडणुकीचे काम आणि त्यांचे शॉप फ्लोअर यांचा संबंध तिथेच जुळतो.

मेल आज किंवा फार तर उद्या सकाळी थेट विभागप्रमुखांना पाठवा. त्यांचा पत्ता नसेल तर एचआरला पाठवून तो पुढे देण्याची विनंती करा. बायोडेटा पुन्हा जोडू नका. त्यांनी एखाद्या गुणवत्ता प्रणालीचे प्रमाणपत्र अनिवार्य सांगितले असेल आणि ते तुमच्याकडे नसेल, तर ती उणीव या मेलने भरून निघणार नाही, आणि तिथे शब्दांची सारवासारव केली तर मुलाखतीत मिळवलेला विश्वासही जाईल.