नकारात्मक आणि सकारात्मक स्वातंत्र्य: दोन वेगळे प्रश्न

प्रश्न: नकारात्मक आणि सकारात्मक स्वातंत्र्य यांत फरक काय? आमच्या नोट्समध्ये 'कशापासून स्वातंत्र्य' आणि 'कशासाठी स्वातंत्र्य' एवढंच दिलंय. हा फरक परीक्षेपुरताच आहे की त्याने खरंच काही ठरतं?

नोट्समधली ती ओळ बाजूला ठेवा. कुठल्याही स्वातंत्र्याबद्दल 'कशापासून' आणि 'कशासाठी' दोन्ही विचारता येतं, त्यामुळे तिच्यावरून काही वेगळं करता येत नाही. राजकीय विचारवंत आयझाया बर्लिन यांनी 1958 साली ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानात मांडणी वेगळी होती. पहिला प्रश्न: दुसऱ्या कुणाचा हस्तक्षेप न होता मला किती मोकळीक आहे? दुसरा: माझ्यावर सत्ता कुणाची चालते, माझी की दुसऱ्याची? पहिल्याचं उत्तर म्हणजे नकारात्मक स्वातंत्र्य, दुसऱ्याचं सकारात्मक. दोन्ही उत्तरं एका दिशेने जातीलच असं नाही. एखादा उदार राजा प्रजेला भरपूर मोकळीक देईल, पण राज्य त्याचंच राहील. उलट लोकांनी स्वतः निवडलेलं सरकार त्यांचं जगणं आवळूनही टाकेल.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात गावातल्या महिलांनी रीतसर मागणी केली की दारूच्या दुकानावर मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हं असतात. आडवीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद.

आता 'स्वातंत्र्य वाढलं की घटलं?' असं विचारून बघा. दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला काल जे करता येत होतं ते आज येत नाही, म्हणजे त्यांची मोकळीक घटली. रोज रात्री मार खाणाऱ्या बायकोची मोकळीक मात्र वाढू शकते, आणि लक्षात घ्या, हेही नकारात्मक स्वातंत्र्यच आहे. हस्तक्षेप फक्त सरकारच करतं असं थोडंच आहे? शिवाय गावाचा निर्णय गावातल्या बायकांनी घेतला. हे स्वशासन, सकारात्मक स्वातंत्र्याचं साधं रूप.

इथवर भांडण सरळ आहे: कुणाची किती मोकळीक कापायची आणि कशाच्या बदल्यात. पण याच वादात कुणीतरी म्हणतं, 'अहो, पिणाऱ्यालाही मनातून सोडायचीच आहे. व्यसन त्याच्याकडून पिऊन घेतं. दुकान बंद करून आपण त्यालाच स्वतंत्र करतोय.' बर्लिनना धास्ती होती ती या वाक्याची. आधी माणसाचे दोन तुकडे होतात: एक खरा, विवेकी 'मी' आणि एक वासनांच्या ताब्यातला. मग त्या खऱ्या 'मी'ला काय हवंय ते दुसरं कुणीतरी सांगू लागतं, कधी पक्ष, कधी राष्ट्र, कधी वर्ग. शेवटी तुमच्यावर होणारी सक्ती ही तुमचीच इच्छा ठरते आणि तक्रारीला जागाच उरत नाही. 'तुझ्या भल्यासाठी तुला अडवतोय' म्हणणारा निदान अडवतोय हे कबूल करतो. 'तुला मुक्त करतोय' म्हणणारा तेवढंही करत नाही.

गंमत म्हणजे सकारात्मक बाजूचा मोठा विचारवंत टी. एच. ग्रीन याच्या 1881 च्या लेस्टरमधल्या व्याख्यानात कामगारांना संरक्षण देणारे कायदे आणि दारूविक्रीवरची बंधनं या दोन्हींचं समर्थन आहे. करारस्वातंत्र्याच्या नावाखाली कामगाराला मालकाच्या दयेवर सोडणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, हे त्याचं म्हणणं मला पटतं. दारूच्या बाबतीत मी त्याच्यापेक्षा सावध आहे. नकारात्मक कल्पनेचाही गैरवापर होतो, बलवानांना मोकळं रान मिळतं, हे बर्लिन यांनीही पुढे मान्य केलं होतं.

या विभागणीवर आक्षेप आहेत. त्यातला वजनदार अमेरिकन तत्त्वज्ञ जेराल्ड मॅकॅलम यांचा, 1967 चा. त्यांच्या मते स्वातंत्र्याची कल्पना एकच असून तिच्यात तीन जागा भरायच्या असतात: कोण, कोणत्या अडथळ्यापासून, काय करायला किंवा व्हायला मोकळा. मला हे साधन फार कामाचं वाटतं, पण ते बर्लिनचा मुद्दा खोडत नाही. बाटलीच्या वादात तिन्ही जागा भरून बघा. 'कोण' या जागी आज दुकानात जाणारा प्रत्यक्ष माणूस लिहायचा की त्याचा 'खरा मी', आणि अडथळा म्हणून बंद दुकान लिहायचं की त्याचं व्यसन, यावरच दोन्ही बाजू अडतात. परीक्षेत दोन व्याख्या लिहून थांबण्यापेक्षा एक उदाहरण घेऊन हीच जागा दाखवा.