काजू तुझा, चॉकलेट त्याचं, मग तक्रारीचा फोन कुणाला?

बाय,

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि आज सकाळी परत वाचला. पुण्याचा चॉकलेटवाला म्हणतो दिवाळीला दोघांच्या नावाचा चॉकलेट लावलेल्या काजूचा खोका काढू, काजू तुझा, चॉकलेट त्याचं, नफा अर्धा अर्धा. त्याचे फॉलोअर चिकार आणि आपल्याला वेंगुर्ल्याबाहेर कोण ओळखत नाही, तेव्हा हो म्हणू ना मावशी, असं विचारलंस. खाली डिझाइनही पाठवलंस. डिझाइन छान आहे गो, पण त्यावरून मी काय सांगणार?

मी एवढंच विचारते, ज्या खोक्यावर तुझं नाव छापलंय तो माल थांबवायचा हक्क तुझ्याकडे आहे का? तोंडी नाही, लेखी. नसेल तर बाकीच्या गप्पा नंतर.

हे डोक्यात का बसलंय ते तुझ्या आईला माहीत आहे. आमचं अमृत कोकम एका शहरातल्या पेयवाल्याबरोबर दोघांच्या नावाने काढलं होतं. रस आमचा, बाटली भरणं त्यांच्याकडे. आम्ही साखरेचं माप 65 ब्रिक्सच्या खाली येऊ देत नाही, कारण त्या सरबताला टिकवते ती साखरच. त्यांनी मला न विचारता साखर कमी केली, खर्चही वाचला आणि कमी गोड म्हणून जाहिरातही झाली. बाटल्या उन्हाळ्यात आंबल्या, झाकणं फुगली, आणि फोन कुणाला आले? मला, कारण लेबलवर कोकणातला पत्ता माझा होता. मी म्हटलं पुढचा माल पाठवू नका, ते म्हणाले ऑर्डर घेतलीय. मग मी रस द्यायचं बंद केलं आणि दुकानदारांचे पैसे माझ्या खिशातून परत केले. बाजारात अजून म्हणतात की हिला माज आला होता. म्हणू देत. त्या माणसाशी जुनी ओळख होती, आता तो समोर आला तर मान फिरवतो, त्याचं वाईट वाटतंच. पण नाव माझं होतं आणि तिथे मी परत तसंच करेन.

आता तुझ्याकडे वळते. काजू आणि चॉकलेट दोन्ही तेलकट, म्हणजे भांडण कुठे होणार ते आधीच दिसतंय. काजू भाजून पूर्ण गार व्हायच्या आत पिशवीत गेला किंवा आपल्या दमट हवेत उघडा राहिला की सादळतो, पुढे खवट होतो. चॉकलेट एकदा गरम होऊन परत थिजलं की वर पांढरट थर येतो, गिऱ्हाईक त्याला बुरशी म्हणतं. काजूचं तेल चॉकलेटात उतरलं तरीही तसा थर येतो, म्हणजे चूक त्याची का तुझी हे खोका बघून कळणारच नाही! म्हणून प्रत्येक लॉटचा तुझा भाजका काजू वेगळा आणि तयार खोके वेगळे, दोन्ही राखून ठेवायचे, तुझ्याकडे आणि त्याच्याकडेही. लॉट नंबर खोक्यावर. तक्रार आली की राखलेला काजू चावून बघ, तो कुरकुरीत असेल तर गडबड पुढे कुठेतरी झालीय.

पार्टनर कसा आहे ते फॉलोअर सांगत नाहीत, चार दुकानं सांगतात. त्याचं चॉकलेट त्याने पाठवलेलं नको, पुण्यातल्या मामाला सांग, वेगवेगळ्या दुकानांतून आण, त्यातही सगळ्यात जुन्या तारखेचं आण. पांढरं पडलेलं मिळालं तर दुकानदाराला विचार परत घेतात का. ह्या एका उत्तरात माणूस कळतो. आणि त्याला सरळ विचार, दिवाळीत काजू कमी पडला तर काय करणार? बाजारातून घेईन म्हणाला तर तिथेच थांब. बाजारातला काजू कुठल्या देशातल्या बियांचा असतो ते तुला सांगायला नको, आणि वर नाव तुझं, वेंगुर्ल्याचं! वेंगुर्ला काजूला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, ते नाव खोक्यावर टाकायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद कुणाची आहे तेही बघून घे. काजू फक्त तुझाच, आणि तो संपला की खोका संपला, हे कागदावर यायला हवं.

पैशाचं बघू. नफा अर्धा अर्धा हे ऐकायला गोड, पण खर्च कुणी आधी घातला आणि उरलेला माल कुणाचा, हे त्यात येतच नाही. तू सांगितलेले आकडे मांडून बघितले. 500 खोके. एका खोक्यात तुझा काजू 72 रुपयांचा, चॉकलेट आणि कोटिंगची मजुरी मिळून त्याचे 104, खोका आणि लेबल 45, ते तू देणार. झाले 221. डिझाइन, फोटो वगैरे मिळून 30,000, अर्धे अर्धे. दुकानाला जीएसटी सोडून 330 ला द्यायचा. सगळे 500 गेले तर 24,500 उरतात. 400 च गेले तर 8,500 चा तोटा. 426 वा खोका विकला जाईपर्यंत दोघांच्याही हातात काही नाही. आणि उरलेल्या 100 खोक्यांत 22,100 अडकलेत. आपापला माल परत घेऊ म्हणतो तो, अरे पण चॉकलेटात बुडालेला काजू परत काढणार कसा?

म्हणून असं कर. काजू त्याला विक. नेहमी दुकानाला देतेस त्याच भावात, बिल करून, पैसे ठरलेल्या दिवसांत. मग तुझा काजू त्याच्या खोक्यात उरला तरी तुझे पैसे अडकत नाहीत. उरलेला माल कोण उचलणार ते टक्क्यात लिहा. त्याबदल्यात नफ्यात तुझा वाटा कमी झाला तर होऊ दे, जोखीम तो घेतोय ना. तो म्हणेल ही पार्टनरशिप कुठे राहिली. म्हणू दे. आणि पहिल्यांदा 500 नको, 150 कर. छापील खोका करू नका, साधा खोका आणि वर दोघांच्या नावाची पट्टी, म्हणजे मोडलं तर खोके रद्दीत जात नाहीत, पट्टी तेवढी फेकायची.

तुझं नाव ट्रेडमार्कला अजून टाकलेलं नाहीस, हे वाचून मला राग आला. ऑनलाइन अर्ज, लहान धंद्याला एका वर्गाची फी 4,500, काजूसाठी वर्ग 29. खोक्याच्या आधी हे कर. आणि तुझं नाव वापरायची परवानगी याच खोक्यापुरती, ठरलेल्या तारखेपर्यंत. दोघांचं मिळून एक नवीन नाव नोंदवू म्हणाला तर नको म्हण, भांडण झालं की ते नाव कुणाचंच राहत नाही.

लेबलवर बनवणारा आणि ब्रँडवाला यांचे पत्ते आणि लायसन्स नंबर लागतात, तेव्हा कोण कोणत्या भूमिकेत आहे ते त्याच्याकडून लिहून घे. तक्रारीचा नंबर कुणाचा छापायचा तेही आधी ठरव. तुझा असेल तर थांबवायचा हक्क तुझा. त्याचा असेल तरी थांबवायचा हक्क तुझा. वाक्य असं लिही: तक्रार आली किंवा राखलेल्या नमुन्यात दोष दिसला तर दोघांपैकी कुणीही त्या लॉटची विक्री लगेच थांबवू शकतो, थांबवल्याचा खर्च ज्याच्या मालात दोष निघेल त्याचा, कळलं नाही तर अर्धा अर्धा. हा हक्क त्यालाही दे, उद्या तुझाच काजू सादळला तर?

या एका वाक्याला तो हो म्हणाला तर बाकीचं जमेल. नाही म्हणाला तर डिझाइनचे पैसे गेले म्हणून हळहळू नकोस, खोका न काढता तुझ्या तुझ्या काजूची दिवाळी कर.

कराराचा मसुदा आला की सही करायच्या आधी मला पाठव. आणि मामाला आजच फोन कर चॉकलेटसाठी, जुन्या तारखेचं सांगायला विसरू नकोस.

तुझी मावशी