झोक्याची लय आणि आयगेनव्हॅल्यू

प्रश्न: आयगेनव्हॅल्यू म्हणजे नक्की काय, आणि झोक्याला ठरावीक वेळानेच धक्का का द्यावा लागतो?

झोक्याची आयगेनव्हॅल्यू म्हणजे त्याची स्वतःची लय ठरवणारा आकडा, आणि धक्का त्या लयीत बसला तरच दरवेळी झोका वाढतो. मी ऐरोलीला क्लासमध्ये मेकॅनिक्स शिकवतो, तिथे हे असंच सांगतो: झोका जितका बाजूला जाईल त्याच्या ठरावीक पटीत त्याला मधे आणणारं त्वरण मिळतं, म्हणजे त्वरण = −(g/L) × विस्थापन, आणि ही "पट" म्हणजेच आयगेनव्हॅल्यू, मायनस म्हणजे परत मधे ओढणारी. सोसायटीतल्या झोक्याची लांबी L साखळीच्या वरच्या कडीपासून बसलेल्या पोराच्या पोटापर्यंत 2 मीटर धरा. g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, 9.8; 9.8 भागिले 2 म्हणजे 4.9, त्याचं वर्गमूळ साधारण 2.2, 2π ला त्याने भागलं की एका फेरीला 2.8 सेकंद. पोराचं वजन यात कुठेच येत नाही, पण पोरगं उभं राहिलं की L कमी होतो आणि झोका जरा फास्ट होतो. आता झोका तुमच्याजवळ येऊन परत फिरला की धक्का द्या, आणि पुढचा 2.8 ऐवजी 2 सेकंदांनी देऊन बघा, तेव्हा झोका जवळपास फुल स्पीडने तुमच्याच अंगावर येत असतो, म्हणजे तुमचा धक्का चक्क ब्रेक मारतो (आणि मनगट दुखतं ते वेगळंच).

फक्त हे छोट्या झोक्यालाच लागू, 60 अंशापर्यंत नेलात तर फेरीला साधारण 7 टक्के जास्त वेळ लागतो, तेव्हा आकडा सोडा आणि झोक्याकडे बघून धक्का द्या.