टीएसएच नॉर्मल आला, मग मन का सावरत नाही?

‘थायरॉईडची गोळी चालू होऊन तीन महिने झाले. आताचा रिपोर्ट नॉर्मल आहे. तरी उगाच रडू येतं, छातीत धडधडतं, कुणाचं नाव पटकन आठवत नाही. वय ४४. हा डिमेन्शिया तर नाही ना? की सगळे माझ्या मनाचेच खेळ?’

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून दोन्ही वाटत नाही. रक्तातला आकडा आधी सुधारतो, मन आणि स्मरणशक्ती मागून येतात. माझ्याकडे आलेल्या एका बाईंची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

सुनंदाताई पतसंस्थेत कॅशियर. नोटा मोजताना मध्येच आकडा हरवायचा, संध्याकाळी कॅश जुळायची नाही. घरी भाजी फोडणीला टाकून त्या शून्यात बघत बसायच्या. लेकीला वाटलं, आईला डिप्रेशन आलंय. समोर बसल्या तेव्हा एप्रिलच्या उन्हाळ्यात अंगात स्वेटर, चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, प्रत्येक उत्तराआधी लांब थांबणं. पोट साफ होत नव्हतं, केस गळत होते. त्यांच्या विसरण्याची तऱ्हाही मी नीट पाहिली. काय विसरलं ते त्या तपशिलात सांगायच्या, आणि थोडी आठवण करून दिली की लगेच ‘हां हां’ म्हणायच्या. गोष्ट मेंदूत नोंदली गेली होती, लक्ष आणि वेग कमी पडत होता. हायपोथायरॉईडमध्ये, म्हणजे थायरॉईड कमी काम करतो तेव्हा, बहुतेकदा असंच दिसतं. अल्झायमरमध्ये अनेकदा रुग्णाला स्वतःच्या विसरण्याची जाणीवच नसते आणि घरचे जास्त घाबरलेले असतात. अर्थात हा फरक फक्त अंदाज देतो, निदान नाही.

समुपदेशन सुरू करायच्या आधी मी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडला की मेंदूकडून वाढणारं हार्मोन, ६२ निघाला (साधारण ४ पर्यंत ठीक मानतात) आणि थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, फ्री टी४, कमी. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड हार्मोनची गोळी, सुरू झाली. दीड महिन्याने टीएसएच २१. ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून त्या खचल्या. मी त्यांना सकाळ कशी जाते ते विचारलं. उठल्या उठल्या चहा, त्याच घोटाबरोबर थायरॉईडची गोळी, आणि लगेच कॅल्शियम व लोहाची. तिन्ही एकत्र! चहा-कॉफीने हे औषध कमी शोषलं जातं, कॅल्शियम आणि लोहाने तर बरंच कमी. डॉक्टरांनी डोस तोच ठेवला, वेळ बदलली. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा निदान अर्ध्या-पाऊण तासाने, कॅल्शियम-लोह चार तासांनंतर. या हार्मोनचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला सुमारे आठवडा लागतो, म्हणून पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. तेव्हा टीएसएच ३ च्या आत आला.

सुधारणा सगळीकडे एकदम झाली नाही. आधी पोट साफ होऊ लागलं, थंडी वाजणं थांबलं, चेहरा उतरला. मग दुपारची झोप गेली, रडणं कमी झालं. नोटांचा हिशोब मात्र त्यानंतरही काही महिने अडखळत होता, तो हळूहळू सुधारला. उरली ती रात्रीची भीती, ‘उद्या चूक झाली तर?’ तपासलेली कुलपं आणि पावत्या त्या पुन्हा पुन्हा पाहायच्या. ती हार्मोनची नव्हती. महिनोन्‌महिने चुका झाल्याने बसलेली सवय होती. त्यावर आम्ही वेगळं काम केलं: एकदा मोजायचं, वहीत टिक करायची, आणि दुसऱ्यांदा मोजावंसं वाटलं तरी थांबायचं.

तुमच्या धडधडीकडे मी दुर्लक्ष करणार नाही. लवकर बरं वाटावं म्हणून काहीजणी स्वतःच डोस वाढवतात. डोस जास्त झाला की धडधड, हात थरथरणं, झोप उडणं आणि बेचैनी सुरू होते. टीएसएच फार खाली गेला तर हृदयाची लय आणि हाडंही बिघडू शकतात. रिपोर्टमधला आकडा डॉक्टरांना दाखवा, डोस त्यांनाच ठरवू द्या. आणि निदानाच्या वेळी तुमचा टीएसएच ६-७ च असेल, टी४ नॉर्मल असेल, तर उदासीचं सगळं खापर थायरॉईडवर फोडू नका. अशा सौम्य दोषात गोळीने मूड सुधारतोच असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

आकडा स्थिर होऊन आणखी तीन-चार महिन्यांनीही मन तसंच राहिलं, तर बी१२, हिमोग्लोबिन आणि झोपेतलं घोरणं तपासून घ्या आणि नैराश्यावर स्वतंत्र उपचार सुरू करा. मानसोपचाराच्या गोळ्या थायरॉईडच्या गोळीसोबत घेता येतात, फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत हवीत. मात्र जगूच नये असे विचार येत असतील तर हार्मोनची वाट बघू नका. आजच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा सरकारच्या टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.