भंगाराच्या धंद्याला घरच्यांचा विरोध: आधी काय तपासावं?

प्रश्न: घरात सगळे नोकरदार. मी पाहिलेल्या धंद्यांमध्ये भंगाराचा धंदा मला सगळ्यात चांगला वाटतो, पण त्यातलं मला काहीच येत नाही. घरचे म्हणतात, "एवढं शिकून भंगार गोळा करणार?" त्यांना कसं समजवू?

मी याच धंद्यात आहे आणि माझ्याही घरी हेच वाक्य ऐकलं आहे. एवढ्यात समजवायला जाऊ नका. आधी विरोध कशाला आहे ते वेगळं करून बघा. घरच्यांना सरळ विचारा, "हेच काम मी एखाद्या मोठ्या कंपनीत पगारावर केलं तर चालेल का?" "चालेल" म्हणाले, तर त्यांना भंगाराची लाज नाही, तुमचे पैसे बुडतील ही भीती आहे. तुम्हीच म्हणता की यातलं काही येत नाही. मग ती भीती रास्त आहे आणि ती घालवणं तुमचं काम आहे.

त्यासाठी स्वतःचा माल घेण्याआधी काही आठवडे दुसऱ्याच्या गोदामात छाटणीला उभे राहा. या धंद्यातली कमाई बरीचशी छाटणीत असते. लोखंडी स्क्रू तसेच राहिलेलं ॲल्युमिनियम कमी भावात जातं, स्क्रू काढले की तोच माल वरच्या भावात जातो. तांब्याच्या वायरीत तर डोळा तयार व्हावाच लागतो. बारीक वायरीत वजनाचा मोठा भाग प्लास्टिकचा असतो, जाड केबलमध्ये तांबं कितीतरी जास्त निघतं. म्हणून थोडी वायर तोलून, सोलून, पुन्हा तोलल्याशिवाय मोठ्या ढिगाचा भाव बोलायचा नाही. वायर जाळून तांबं काढणारे दिसतील, तिकडे वळू नका. तो धूर विषारी असतो आणि जळक्या तांब्याला भावही कमी मिळतो. चुंबकाला चिकटत नाही म्हणून स्टेनलेस स्टील चांगल्या प्रतीचंच असेल, असंही धरून चालू नका. लिथियमच्या बॅटऱ्या मात्र पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा, दबल्या तर गोदाम पेटतं.

एवढं हाताखालून गेलं की मग घरच्यांसमोर हिशेब मांडा, आणि नफ्याच्या आधी पैसे किती अडकतील ते सांगा. नवखा माणूस बहुतेक तिथेच अडकतो. समजा, आठवड्याला 1000 किलो माल घेता. विकणाऱ्याला पैसे जागेवर द्यावे लागतात. छाटणीला एक आठवडा जातो आणि पुढचा मोठा खरेदीदार माल तपासून दोन आठवड्यांनी पैसे देतो. म्हणजे कुठल्याही क्षणी 3000 किलोचे पैसे बाहेर असतात. धंदा दुप्पट केलात की 6000 किलोचे. नफा वहीत दिसत असतो आणि उद्याचा माल घ्यायला हातात रोकड नसते. त्यात तांब्याचा भाव जागतिक बाजाराप्रमाणे रोज हलतो, त्यामुळे साठवलेला माल पडत्या भावात सापडू शकतो. म्हणून मी तांबं फार दिवस ठेवत नाही. घरच्यांना सांगा, "जास्तीत जास्त इतके पैसे अडकतील, त्याच्या पुढे मी जाणार नाही." माझे वडील भविष्यातल्या कमाईच्या गोष्टींना कधी बधले नाहीत, पण या आकड्यावर प्रश्न विचारायला लागले. तिथून आमचं बोलणं सुरू झालं.

आता अब्रूचा भाग. त्याच्या आतही एक खरा मुद्दा आहे: चोरीचा माल. नळाची तोटी, केबल, मोटारीचं तांबं चोरून विकणारे प्रत्येक भंगारवाल्याकडे कधी ना कधी येतात, आणि मग चौकशीला पोलीस दारात येतात. घरच्यांना याचीच धास्ती असेल तर "लोक काय म्हणतील ते सोडा" हे उत्तर पुरत नाही. विकणाऱ्याची ओळख पटवा. नाव, तारीख, वजन वहीत लिहा, शक्य तिथे पैसे बँकेतून द्या. कापलेली नवी केबल घेऊन कोणी घाईत आला तर परत पाठवा. ती वही घरी आणून दाखवा. एखाद्या वडीलधाऱ्याला वजनाच्या वेळी काट्याजवळ उभं करा. व्यवहार चोख आहे हे स्वतः पाहिलेला माणूस बाहेर तुमची बाजू घेतो. नातेवाइकांपासून धंदा लपवू मात्र नका. लपवलात की आपल्या तोंडानेच तो लाजिरवाणा ठरवलात, आणि मग घरच्यांना प्रत्येक ठिकाणी खोटं बोलावं लागतं.

एवढं करूनही एखादा काका किंवा बहीण नाराज राहीलच. कंपनीतल्या नोकरीच्या प्रश्नालाही जे "नाही" म्हणाले, त्यांना हिशेबाने पटणार नाही. त्यांच्याशी पुन्हा पुन्हा वाद घालू नका. त्यांच्याकडे पैसे मागू नका, जामीन राहायला सांगू नका, आणि सुरुवातीला घर तारण ठेवून कर्ज काढू नका. ज्याच्या छपराला धोका नाही, तो नाराज असला तरी आडवा येत नाही.