साडीचा ब्रँड कागदावर आहे, तो आणखी वर्षभर कागदावरच राहू द्या

‘माझी मुलगी बीबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, ७१ टक्के आहेत. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तिनं नोकरी करणाऱ्या तरुण मुलींसाठी हातमागाच्या साड्यांचा एक काल्पनिक ब्रँड मांडला. सरांनी फार कौतुक केलं. माझं गांधीबागेत साड्यांचं होलसेल दुकान आहे. मी आठ लाख लावायला तयार आहे, तिच्या प्रोजेक्टची तीन पानं सोबत पाठवतो आहे. पण ती म्हणते, आधी नोकरी करीन. तिला समजावून सांगा. आणि एमबीए करावं की फॅशनचा कोर्स?’
– एक वडील, नागपूर

भाऊ, तुम्ही पाठवलेली तीन पानं दोनदा वाचली. दुसऱ्या पानावर मुलीनं किंमत लिहिली आहे, ‘२,८०० ते ४,५००’. त्यावर निळ्या पेनानं काट मारून बाजूला ‘९९९ ते १,४९९’ लिहिलं आहे, आणि ते अक्षर तिचं नाही. गिऱ्हाइकाला दिलेल्या तिच्या वचनाच्या ओळीखालीही त्याच पेनानं ‘शुद्ध हातमाग, सर्वांत स्वस्त’ अशी भर आहे. मला काळजी वाटते ती इथेच, टक्क्यांची नाही. ब्रँड तिच्या नावानं काढायचा, भाव तुम्ही ठरवायचा, आणि ती ‘आधी नोकरी करते’ म्हणाली की तिला समजवायला माझ्याकडे पत्र पाठवायचं. मी तिला समजावणार नाही. माझ्या मते ती बरोबर आहे.

तुमचा भाव का चालणार नाही, ते हिशेबानंच सांगते, कारण तुम्ही व्यापारी आहात. करवतकाठीसारख्या महागड्या साड्या सोडून द्या, सगळ्यात साधी सुती हातमागाची साडी घ्या. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, खरे तुम्ही विणकराकडे बसून काढा. सूत आणि रंगाई ५५० रुपये. विणायला दोन दिवस, दिवसाला ६०० मजुरी धरली तर १,२००. ताणा भरणं, कांड्या भरणं १५०. फॉल-पिको १००. झाले दोन हजार. वीस साड्यांत एक सदोष निघणारच, तिचे प्रत्येकी १०० इतरांवर पडतात. फोटो, पॅकिंग, कुरिअर आणि परत येणाऱ्या साड्या मिळून २५० धरा. म्हणजे घरातच साडी २,३५० ला पडली. विक्रीच्या रकमेतला पाव हिस्सा ब्रँडकडे राहायला हवा, नाहीतर भाडं आणि पगार कुठून देणार? तसा भाव ३,१३० च्या आसपास जातो, ५ टक्के जीएसटी धरून जवळपास ३,३००. म्हणजे मुलीचा खालचा २,८०० चा आकडाही थोडा कमीच आहे. आणि तुमच्या ९९९ मध्ये तर विणकराची मजुरीसुद्धा बसत नाही.

पत्रातला सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. तुम्हाला वाटतं, आधी परवडणारा भाव लावावा, गिऱ्हाईक जमलं की हातमागाचं बघता येईल. होलसेलमध्ये माल आधी असतो आणि त्यावर भाव लागतो, म्हणून हे तुम्हाला साहजिक वाटतं. पण हातमागाच्या ब्रँडमध्ये वचन आणि भाव एकमेकांना बांधलेले असतात. ‘हाताने विणलेली’ म्हटलं की दोन दिवसांची मजुरी त्या भावात दिसलीच पाहिजे. ९९९ लावलात की पहिल्या दोन महिन्यांतच तुम्ही यंत्रमागाचा माल आणाल आणि लेबल तेच ठेवाल. ती फसवणूक होईल, आणि बिलावर सही मुलीची असेल. ही शंका गिऱ्हाइकाच्या मनात येऊ नये म्हणूनच २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ हा सरकारी शिक्का आहे. तो घ्यायचा तर माल खरंच हातमागाचा लागतो.

खरं-खोटं ओळखणं तुमच्या विदर्भातच शिकता येतं. नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या करवतकाठी साडीत अंग आणि दोन्ही काठ वेगवेगळ्या धोट्यांनी विणतात. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन, इथे असे तीन धोटे. अंगाचा आडवा धागा काठाजवळ येऊन काठाच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो, तिथेच करवतीचे दात तयार होतात. म्हणून काठाचा रंग भरीव दिसतो. एका धोट्याच्या नकलेत अंगाचा धागा काठातूनही आरपार जातो आणि काठ जरा मिसळलेल्या रंगाचा वाटतो. काठ उलटून नखाजवळ धरून बघा. ही गोष्ट मुलीच्या पानांत नाही, आणि ती नोकरीत किंवा मागावर बसूनच कळते.

आता तिच्या पानांबद्दल. तिचं वचन मला आवडलं: दहा मिनिटांत नेसून होईल, संध्याकाळपर्यंत बसेल, कुणी विणली ते सांगता येईल. पण तिसऱ्या ओळीत ‘रोज घरी धुता येईल’ लिहून तिनं यादीत टसर रेशीम घातलं आहे. टसर रोज धुऊन टिकत नाही. सुरुवातीची मालिका सुतीच ठेवावी, नागपूरच्या मे महिन्यात तेच अंगाला सोसतं. ‘सगळ्या नोकरदार मुली’ हे गिऱ्हाईकही फार पसरट आहे. मिहानमधली आयटीची मुलगी रोज कुर्ता घालते, नर्सला गणवेश असतो. रोज साडी लागते ती शिक्षिकेला, प्राध्यापिकेला, काही बँक अधिकाऱ्यांना. तीस हजार पगाराची शिक्षिका ३,३०० ची साडी वर्षाला दोन-तीन घेईल, महिन्याला एक नाही. उलाढालीचा अंदाज त्यावर बांधायचा.

फोटोंबाबत तुम्ही लिहिलंत ‘मोठी मॉडेल, दागिने, फुटाळा तलावावर शूट’. त्या फोटोतली साडी लग्नाला नेसण्याची वाटेल आणि शिक्षिका पुढे जाईल. मुलीनं लिहिलं आहे, मेट्रोत उभी, खांद्याला बॅग, पायात सपाट चप्पल. तेच ठेवा. त्यात दोन फोटो वाढवा: एक, दिवसभर नेसून झाल्यावर निऱ्यांचा, चुरगळलेल्या तर चुरगळलेल्या. दुसरा, काठाची उलटी बाजू. सगळ्यात आधी प्रश्न येतो ‘सुरकुत्या पडतात का’, त्याचं उत्तर फोटोनंच द्यावं. तिच्या पानात विणकर आजोबांच्या हातांचा फोटो आहे. त्यांना विचारून, मानधन देऊन घेतला तरच तो वापरावा.

कोर्सचं एका ओळीत सांगते: एमबीएसाठी सीईटी किंवा कॅट, फॅशन मॅनेजमेंटसाठी निफ्टची प्रवेश परीक्षा, दोन्ही पदवीनंतर देता येतात आणि आत्ता कुठलंच घाईचं नाही.

घाईचं आहे ते वेगळं. तिला वस्त्रविक्री किंवा मर्चंडायझिंगमधली नोकरी एक-दीड वर्ष करू द्या. सुट्टीच्या दिवशी पवनी, मोहाडीच्या विणकरांकडे आणि नागपूरच्याच विणकर सेवा केंद्रात जाऊ द्या. आठ लाख तसेच ठेवा. त्यातून फक्त तीस हजार काढा, तिच्या नावावर, हिशेब तिचा. त्यात बारा सुती साड्या होतील. त्या पूर्ण किमतीला, सवलत न देता, अनोळखी शिक्षिकांना विकायच्या आणि महिनाभरानं प्रत्येकीला विचारायचं: किती वेळा नेसलीत, धुतल्यावर रंग गेला का, दुसरी घ्याल का. बारापैकी चार जणींनी पैसे देऊन दुसरी मागितली तर पुढच्या पन्नास साड्यांचं बोलू. नाही मागितली तर वचन, भाव किंवा गिऱ्हाईक यांतलं काय चुकलं ते तिनं शोधायचं. तुम्ही मध्ये पडू नका. तुम्हाला उधारी, परतावा आणि मालाचा हात कळतो. त्यावर तिनं विचारलं तर सांगा, भाव मात्र तिचा तिला ठरवू द्या.

पुढचं पत्र तिच्याकडून येऊ द्या. तिला काय करायचं आहे, याबद्दल तुमच्या पत्रात ‘आधी नोकरी करीन’ या तीन शब्दांपलीकडे मला काही सापडलं नाही.