तोरणमाळची खोली आधी, बाकीचं नंतर

भाऊ, तुम्ही पाठवलेला तोरणमाळच्या सहलीचा चार दिवसांचा तक्ता पाहिला. त्यात चहासुद्धा ठरलेला आहे! मी बुकिंग करण्याआधी एकच विचारतो: इथे जागा मिळाली नाही तर पुढचा पर्याय किती लांब?

तोरणमाळला राहायच्या जागा मोजक्या. संध्याकाळी पोहोचून खोली नाही म्हटल्यावर अंधारात घाट उतरून थेट शहादा गाठावं लागतं. मी एकदा तसा उतरलोय, पोरं मागे झोपलेली, पुढे नुसतं धुकं. म्हणून तिथल्या दोन रात्री आजच ठरवा, आणि फोन करून जेवणाचंही विचारा. उशिरा गेलात तर चूल विझलेली असते.

शहाद्याची रात्र मात्र मोकळी ठेवा. एक लॉज भरला तर दुसरा सापडतो. अपवाद दत्तजयंतीचा. तेव्हा सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते आणि आसपासच्या खोल्या आधीच जातात. तुमच्या तारखा तिला लागून आहेत का, पंचांगात बघा.

दोंडाईच्याहून परतीचं रेल्वे तिकीट 60 दिवस आधी खुलं होतं, ते लगेच काढा. मग दिवस कसे घालवायचे ते तिथेच ठरवा. यशवंत तलावाकाठी चहा घेताना सीताखाईच्या धबधब्याला पाणी आहे का, एवढं विचारा. डिसेंबरनंतर धार बारीक होते. नसेल तर तलावावरच बसा. उतरताना शहाद्याकडे कळण्याची भाकरी आणि भरीत कुठे चांगलं मिळतं, तेही चहावाल्यालाच विचारा.